युकुलेले ट्यून केलं, तरी बेसूर वाजतंय? या चुका टाळा

नवं युकुलेले घरी आलं की पहिल्या आठवड्यात तक्रार बहुतेक एकच असते. ट्यूनरवर दिवा हिरवा लागतो, बोटं चित्रात दाखवल्याप्रमाणे ठेवलेली असतात, तरी कॉर्ड वाजवली की तोंड वाकडं होतं. मग शिकणारा बोटांना दोष देतो, घरचे वाद्याला देतात. माझ्या मते आधी संशय घ्यावा तो ट्यूनिंगवर, आणि त्यातही ट्यूनरच्या सेटिंगवर.

युकुलेले मांडीवर घेतलं की चेहऱ्याच्या बाजूची तार चौथी आणि जमिनीच्या बाजूची पहिली. चौथीपासून पहिलीपर्यंत सूर लागतात जी, सी, ई, ए. पेटी माहीत असेल तर पांढरी एकला सा धरा, मग या तारा होतात प, सा, ग, ध. म्हणजे सगळ्यांत खालचा सूर तिसऱ्या तारेचा आहे. चौथी तार सर्वांत वर बसलेली असली तरी तिचा प मधल्या सप्तकातलाच. गिटार पाहिलेली माणसं इथे हटकून फसतात. वरची तार जाड आवाजाचीच असणार असं समजून ती उतरवत नेतात आणि ती लोंबायला लागते. खर्जातला जी हवा असेल तर त्यासाठी वेगळी जाड तार मिळते. वाद्यासोबत आलेल्या तारेकडून ते काम होत नाही.

हिरवा दिवा, पण कशाचा?

आमच्या शेजारच्या पोराने नागपूरच्या बर्डी बाजारातून लहान आकाराचं, म्हणजे सोप्रानो युकुलेले आणलं, सोबत चिमट्यासारखा लावायचा क्लिप ट्यूनर. दोन दिवसांनी दारात उभा. "काका, चारही तारांवर हिरवा दिवा येऊन राहिला न, मग कॉर्ड का बरं बसत नाही?"

वाजवून पाहिलं तर सी कॉर्ड खराब, ए मायनर खराब, एफही खराब. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. एकच कॉर्ड बिघडत असेल तर बोट तपासावं. या तिन्ही एकदम बिघडत असतील तर तिसरी तार तपासावी, कारण तिन्हींमध्ये ती मोकळीच वाजते, तिच्यावर बोट येतच नाही.

ट्यूनरच्या पडद्यावर कोपऱ्यात `G` हे अक्षर होतं. चौथी तार जीची, म्हणून पोराला ते बरोबरच वाटलं. पण कोपऱ्यातलं अक्षर सुराचं नसतं, ते वाद्याच्या प्रकाराचं असतं. बहुतेक क्लिप ट्यूनरवर एक बटण दाबत गेलं की `C`, `G`, `B`, `V`, `U` असे प्रकार फिरतात. `G` म्हणजे गिटार, `B` बेस गिटार, `V` व्हायोलिन, `U` युकुलेले. आणि `C` म्हणजे क्रोमॅटिक, ज्यात बाराही सूर दिसतात. त्याचा सी तारेशी काही संबंध नाही. एवढ्याशा पडद्यावर एकाच लिपीतली दोन अक्षरं दोन वेगळ्या अर्थांनी दाखवणाऱ्याला काय म्हणावं!

आता गंमत पाहा. गिटारच्या सहा तारा ई, ए, डी, जी, बी, ई. युकुलेलेच्या चारपैकी तीन सूर, जी, ई आणि ए, या यादीत आहेत. सप्तक वेगळं असलं तरी असे ट्यूनर सहसा फक्त सुराचं नाव बघतात, त्यामुळे या तीन तारा गिटारच्या सेटिंगवरही व्यवस्थित लागल्या. सी मात्र यादीत नाही. त्याच्या सर्वांत जवळचा बी, अर्ध्या सुराने खाली. पोराने तिसऱ्या तारेची खुंटी काटा मधे येईपर्यंत फिरवली, दिवा हिरवा झाला, विषय संपला. मोठं अक्षर `B` आलंय याकडे त्याने पाहिलंच नाही.

परिणाम असा की सी कॉर्ड वाजवताना चार तारांतून यायला हवेत जी, सी, ई, सी. येत होते जी, बी, ई, सी. सा, ग, पच्या घोळक्यात शुद्ध नी घुसलेला. बेसूर नाही तर काय वाजणार?

हे ट्यूनरशिवायही पकडता येतं, आणि प्रत्येक नवशिक्याने ही तपासणी पाठ करावी. तिसरी तार चौथ्या फ्रेटवर, म्हणजे खुंट्यांकडून मोजत चौथ्या घरात दाबा, तिचा सूर मोकळ्या दुसऱ्या तारेशी तंतोतंत मिळाला पाहिजे. दुसरी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली की मोकळी चौथी तार मिळते, आणि पाचव्या फ्रेटवर दाबली की मोकळी पहिली. पोराच्या वाद्यावर तिसरी तार चौथ्या फ्रेटवर कमी पडत होती आणि पाचव्यावर जाऊन जुळत होती. म्हणजे ती बरोबर एका घराने, अर्ध्या सुराने उतरलेली. ट्यूनर `U` वर आणला, खुंटी थोडी चढवली, अक्षर `C` आणि काटा मधे. बोटांत काहीच बदल न करता तिन्ही कॉर्ड जागेवर आल्या.

त्याच पडद्यावर `440` हा आकडाही दिसतो. बटणं चाळताना तो ४३५ किंवा ४४५ झाला तर अख्खं युकुलेले एकसारखं उतरतं किंवा चढतं. एकट्याने वाजवताना कळत नाही. मोबाइलवर गाणं लावून सोबत वाजवायला बसलात की सगळंच जरासं बाजूला वाटतं. तो आकडा ४४० वर ठेवा.

कूलर चालू असताना मोबाइलचं ॲप

मोबाइलचा ट्यूनर माइकमधून ऐकतो. मे महिन्यात नागपुरातल्या खोलीत माइकला आधी काय ऐकू येणार? कूलर. काटा थरथरतो, तार न छेडताच एखादं अक्षर उमटतं आणि माणूस त्या अक्षराच्या मागे खुंटी पिळत बसतो. अशा वेळी कूलर दोन मिनिटं बंद करा, नाहीतर क्लिप ट्यूनर वापरा. तो लाकडाची थरथर वाचतो, आवाजाशी त्याला देणंघेणं नाही. खुंट्या बसवलेल्या टोकाला तो लावा, एक तार अंगठ्याने हलकी छेडा आणि बाकीच्या तीन तळव्याने दाबून ठेवा, म्हणजे त्यांची गुंज मधे येणार नाही. छेडल्याच्या क्षणी सूर किंचित चढा दिसतो. काटा स्थिरावू द्या, मग खुंटीला हात लावा.

लावलं की उतरतं

सकाळी लावलेलं युकुलेले संध्याकाळी उतरलेलं असेल तर दुकानदाराशी भांडू नका. तारा नायलॉनच्या किंवा तशाच एखाद्या प्लॅस्टिकच्या असतात आणि नव्या असताना त्या ताणत राहतात. आठवडाभर, कधी त्याहून जास्त दिवस हे चालतं. ते लवकर संपवायचं असेल तर तार सुरात लावा, बाराव्या फ्रेटजवळ बोटाने धरून वाद्यापासून हलकेच वर ओढा आणि पुन्हा लावा. चार-पाच वेळा असं केलं की उतरणं बरंच कमी होतं. हलकेच म्हटलंय, उपटायची नाही.

दुसरी सवय लावून घ्यायची ती सूर नेहमी खालून वर आणण्याची. तार चढी झाली असेल तर ती थेट सुरापर्यंत उतरवू नका. सुराच्याही खाली न्या आणि मग चढवत आणा. वरून उतरवलेल्या तारेत खुंटीपाशी थोडी ढील राहते आणि दोन फटकाऱ्यांत ती तेवढी आणखी उतरते. खुंटीला दात नसतील, म्हणजे नुसत्या घर्षणावर अडणारी असेल आणि आपोआप मागे फिरत असेल, तर तिच्या टोकाचा स्क्रू पाव फेरा आवळा.

हवेचाही वाटा आहे. कूलरच्या दमट खोलीतून वाद्य गच्चीवर नेलं की सूर हलणारच, तिथे पोचल्यावर पुन्हा लावा. उन्हात बंद गाडीत मात्र ठेवू नका. बाहेर ४५ अंश असताना आतलं तापमान त्याच्याही बरंच वर जातं, डिंक सैल पडतो आणि तारांची खालची टोकं जिथे अडकवलेली असतात तो ब्रिज उखडू शकतो.

चार कॉर्ड आणि त्यांतल्या ठरलेल्या चुका

कॉर्डचे आकडे चौथ्या तारेपासून पहिलीकडे वाचायचे. शून्य म्हणजे तार मोकळी.

सी: ०००३
ए मायनर: २०००
एफ: २०१०
जी सेव्हन: ०२१२

सीमध्ये अनामिका पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला येते. सर्रास होणारी चूक म्हणजे ती जमिनीकडच्या तारेऐवजी चेहऱ्याकडच्या तारेवर पडणं. तपासायला सोपं आहे. बोट बरोबर असेल तर पहिली तार आणि मोकळी तिसरी तार दोन्हींतून साच निघतो, एक मधला आणि एक तार सप्तकातला.

बोट कुठे टेकवायचं याचीही गफलत होते. ते घराच्या मधोमध नको आणि धातूच्या पट्टीवरही नको. पट्टीला अगदी लागून, खुंट्यांच्या बाजूला हवं. मागे राहिलं तर तार खरखरते, पट्टीवर चढलं तर आवाज मुका होतो. आवाज येईना म्हणून माणूस जोर लावतो, तार खेचली जाते आणि सूर चढतो. सोप्रानोची तार जेमतेम ३५ सेंटिमीटर लांबीची, तिला एवढंही पुरतं. कॉर्ड धरली की चारही तारा एकेक करून छेडा, कोणती बिघडतेय ते लगेच कळतं. एफमध्ये तर्जनी आडवी पडून शेजारची पहिली तार मुकी करते, ती बोटाच्या टोकावर उभी करा.

कॉर्ड बदलताना सगळी बोटं उचलायची नसतात. ए मायनरला मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला आहे. ते तिथेच ठेवून दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला तर्जनी टेकवली की एफ झाला. पुढे जी सेव्हनला जाताना तर्जनी हलवायची नाही. मधलं बोट तिसऱ्या तारेवर आणि अनामिका पहिल्या तारेवर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटला. ए मायनर, एफ, जी सेव्हन, सी या क्रमाने फिरलात तर पहिल्या दोन बदलांत एक बोट जागेवरच राहतं.

एवढं सगळं नीट असूनही एफ आणि जी सेव्हन चढे वाटत असतील, तर संशय वाद्यावर. ट्यूनर `C` वर, म्हणजे क्रोमॅटिकवर ठेवा. दुसरी तार मोकळी ई दाखवतेय ना ते पाहा, मग पहिल्या फ्रेटवर अलगद दाबा. `F` येऊन काटा मधे हवा. तो बराच उजवीकडे जात असेल आणि तीच तार बाराव्या फ्रेटवर पुन्हा नीट `E` दाखवत असेल, तर खुंट्यांकडच्या ज्या आडव्या पट्टीवरून तारा जातात त्या नटच्या खाचा उथळ आहेत आणि तार गरजेपेक्षा उंच बसली आहे. स्वस्तातल्या वाद्यांत हे बरंच आढळतं. गिटार दुरुस्त करणारा त्या खाचा कानशीने किंचित खोल करून देतो. घरी घासायला जाऊ नका, खाच जास्त खोल गेली की मोकळी तार खरखरते आणि नट बदलावा लागतो.