"कार्यवाही सुरू आहे" हा शेरा अनुपालन अहवालातून कसा गेला

आमच्या मच्छीमार सोसायटीच्या मासिक सभेत मागच्या इतिवृत्तावरचा अनुपालन अहवाल सचिव म्हणून मी वाचतो. बर्फाच्या गोदामाचे पत्रे बदलण्याचा विषय सलग चार सभांत "कार्यवाही सुरू, पावसामुळे विलंब" असाच आला. चौथ्या वेळी एक तांडेल म्हणाले, "भाऊ, पाऊस तर जूनात लागला, ठराव मार्चचा!" मान खाली घालावी लागली.

आधी रंगीत खुणा करून पाहिल्या, मग शेरे लांबवले. काही फरक पडला नाही.

शेवटी जमलं ते असं. आधी प्रत्येक ठरावाला कायमचा क्रमांक दिला: मार्च सभेतला चौथा विषय म्हणजे ३/४, तो पूर्ण होईपर्यंत तोच. मग ठराव फोडला, कारण "पत्रे बदलणे" हे एक काम नव्हतंच. दरपत्रकं, मंजुरी, बसवणं अशी तीन होती. प्रत्येकासमोर एकाच माणसाचं पद. स्थितीला तीनच शब्द: पूर्ण, अपूर्ण, सुरू नाही. विलंबाच्या रकान्यात शेवटचं पाऊल तारखेसह, अडलंय कुणाकडे आणि पुढची तारीख.

३/४ भरताना खरं कारण दिसलं. आमच्याकडे तीन दरपत्रकं लागतात, फाइलीत दोनच होती; तिसरं मागवलंच नव्हतं, आणि ते काम माझंच! "१४ एप्रिलला दुसरं आलं, तिसरं सचिवाकडे प्रलंबित" असं लिहिलं. आठवड्यात तिसरं आलं. बसवणं मात्र पावसानंतरच, तिथे पाऊस हे कारण खरं आहे.

अहवाल आता सभेच्या तीन दिवस आधी वाटून देतो.