तर्री पोह्याच्या हिशोबातून कार्यक्षमता कशी तपासायची

बाजाराचा प्रकार कोणताही असो, त्याला दोन वेगळे प्रश्न विचारायचे असतात. किंमत सीमांत खर्चाइतकी, म्हणजे आणखी एक नग बनवायला जो जास्तीचा खर्च येतो त्याच्याइतकी, आहे का? असेल तर ती वाटप कार्यक्षमता. माल कमीत कमी सरासरी खर्चाला तयार होतो आहे का? होत असेल तर ती उत्पादन कार्यक्षमता. बहुतेकांचा गोंधळ ही दोन उत्तरं एकच समजल्यामुळे होतो, म्हणून आधी एक हिशोब मांडू.

नागपुरात सकाळी तर्री पोह्याचा ठेला लावणारा एक भाऊ धरा. आकडे मी हिशोबापुरते घेतले आहेत. जागेचं भाडं, गाडी आणि ठरलेली मजुरी मिळून रोजचा स्थिर खर्च २००० रुपये. पोहे, हरभऱ्याची तर्री, तेल, शेव आणि गॅस यांचा खर्च प्लेटमागे वेगळा. गर्दी वाढली की दुसरी शेगडी पेटवावी लागते, जास्तीचा पोरगा लावावा लागतो, त्यामुळे पुढची प्रत्येक प्लेट थोडी महाग पडते.

| प्लेट | एकूण खर्च (रु.) | सरासरी खर्च (रु.) |
|---|---|---|
| १०० | ३५०० | ३५ |
| १५० | ४६२५ | ३०.८३ |
| २०० | ६००० | ३० |
| २५० | ७६२५ | ३०.५० |
| ३०० | ९५०० | ३१.६७ |

आता पहिली पायरी: एकूण खर्चातली वाढ काढा आणि वाढलेल्या प्लेटांनी भागा. १५० वरून २०० वर जाताना १३७५ रुपये वाढले, म्हणजे प्लेटमागे २७.५०. हा आकडा ३०.८३ या सरासरीपेक्षा कमी, म्हणून सरासरी खाली ओढली गेली. २०० वरून २५० वर जाताना वाढ प्लेटमागे ३२.५०, ती ३० पेक्षा जास्त, म्हणून सरासरी वर चढली. मधोमध, २०० प्लेटांवर, सीमांत खर्च आणि सरासरी खर्च दोन्ही ३०. सरासरीचा तळ इथेच सापडतो. या हिशोबात सीमांत खर्च दर ५० प्लेटांना ५ रुपयांनी वाढत जातो.

दुसरी पायरी, पूर्ण स्पर्धा. समजा सगळ्या ठेल्यांचे पोहे अगदी सारखे आणि भाव ३५. भाऊ सीमांत खर्च ३५ होईपर्यंत, म्हणजे २५० प्लेटांपर्यंत विकेल. किंमत सीमांत खर्चाइतकी झाली, पण सरासरी ३०.५०, तळावर नाही. प्लेटमागे साडेचार रुपये नफा दिसला की नवे ठेले लागतात आणि भाव ३० वर येऊन थांबतो. दोन्ही कसोट्या एकदम पूर्ण होतात त्या इथे, दीर्घकाळात. नागपूरच्या कळमना बाजारात संत्रा आणणारा शेतकरी बाजारभाव आहे तसा घेतो, म्हणून तो या चित्राच्या जवळ आहे. पण नवं झाड फळावर यायला काही वर्षं लागतात, त्यामुळे तिथला दीर्घकाळ खरंच दीर्घ असतो.

तिसरी पायरी, मक्तेदारीयुक्त स्पर्धा. खरे ठेले सारखे नसतातच. कुणाची तर्री झणझणीत, कुणाचा कांदा सढळ. प्रत्येकाची आपली गिऱ्हाइकं असतात, म्हणून भाव थोडा चढा ठेवता येतो. नवे ठेले येत राहिले की समजा भाऊकडे १०० प्लेटा उरतात, भाव ३५ आणि सरासरी खर्चही ३५. नफा शून्य! इथेच चूक होते: नफा नाही म्हणजे सगळं कार्यक्षम, असं वाटतं. पण १०० प्लेटांवर सीमांत खर्च फक्त २० आहे आणि सरासरीचा तळ अजून १०० प्लेटा पुढे. दोन्ही कसोट्या फसल्या. अर्थात आवडीची तर्री निवडता येणं हेही काहीतरी मोलाचं आहे, आणि ते या दोन कसोट्यांत मोजलं जात नाही.

अल्पाधिकारात मोजक्या विक्रेत्यांनी संगनमत केलं तर उत्तर मक्तेदारीकडे झुकतं, सारख्याच मालावर भावाची लढाई पेटली तर स्पर्धेकडे. तिथे आधी वागणूक पाहावी लागते.

चौथी पायरी, मक्तेदारी. एका मोठ्या आवारात एकाच कॅन्टीनला ठेका आहे. खर्च तोच, ५० रुपयांना २०० प्लेटा खपतात आणि भाव एक रुपयानं उतरला की १० प्लेटा वाढतात. भाव ४९ केला तर विक्री १०,००० वरून १०,२९० होते, पण खर्च ६००० वरून ६३०५. पंधरा रुपये तोटाच, म्हणून मालक ५० वरून हलत नाही. आता तक्ता पाहा: २०० प्लेटा म्हणजे सरासरीचा तळ. उत्पादन कार्यक्षमता आहे (मागणीमुळे जुळून आलेली, एरवी तशी खात्री नसते), वाटप कार्यक्षमता नाही. कारण पुढची प्लेट जवळपास ५० देऊन घेणारा दारात उभा आहे, आणि ती बनवायला ३० च्या आसपासच लागतात.

किंमत सीमांत खर्चाला भेटते ३०० प्लेटांवर, ४० रुपयांना. ठेका देणाऱ्यानं करारातच ४० ची कमाल मर्यादा घातली, तर मालकाला ३०० प्लेटा विकणंच परवडतं. त्याचा नफा रोज ४००० वरून २५०० वर येतो, तोटा होत नाही. सरासरी मात्र ३१.६७ होते, म्हणजे तळ सुटतो.