मनगट पडलंय, पण रिपोर्ट ‘चांगला’ आहे? रेडिअल नर्व्हच्या दुखापतीत या चुका टाळा

दंडाचं हाड मोडलेलं, मनगट वर उचलता येत नाही आणि हातात जाड फाइल, असा पेशंट आला की मी आधी फाइलमधल्या तारखा वाचतो, निष्कर्ष नंतर. अपघात कधी झाला, तपासणी कधी झाली, पहिला स्नायू हलला तो कधी. मनगट आणि बोटं उचलणाऱ्या स्नायूंना चालवणारी रेडिअल नर्व्ह दंडाच्या हाडाला चिकटून वळसा घालते, त्यामुळे हाड मोडलं की तीही त्यात सापडते. हे सगळ्यांना पाठ असतं. चुका होतात त्या तारखांच्या.

तिसऱ्या दिवशी नर्व्ह कंडक्शन करून निश्चिंत होणं

ही चूक बघून मी खरंच थकलो आहे. 26 वर्षांचा एक टेम्पोचालक बाइकवरून पडला. दंडाचं हाड मध्याच्या जरा खाली मोडलं आणि मनगट पडलं. घरचे घाबरले, म्हणून तिसऱ्याच दिवशी नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नसेतून करंट जातो का ते बघणारी तपासणी, केली. कोपराजवळ करंट दिल्यावर पुढच्या स्नायूकडून छान प्रतिसाद आला, फ्रॅक्चरच्या वर दिल्यावर काहीच नाही. रिपोर्टवर लिहिलं, न्यूराप्रॅक्सिया. त्याला सांगितलं, ‘नस झोपली आहे, आपोआप उठेल.’ तो माझ्याकडे आला तेव्हा नववा महिना सुरू होता.

सेडन यांनी 1943 मध्ये नर्व्हच्या दुखापतीचे तीन प्रकार मांडले. न्यूराप्रॅक्सियात आतला तंतू, म्हणजे अ‍ॅक्सॉन, शाबूत असतो. फक्त त्याचं आवरण बिघडतं आणि काही आठवड्यांत सुधारतं. अ‍ॅक्सोनोट्मेसिसमध्ये अ‍ॅक्सॉन तुटतो, पण त्याची नळी बऱ्यापैकी टिकते, म्हणून तो वाट धरून परत वाढू शकतो. न्यूरोट्मेसिसमध्ये सगळंच तुटतं. अ‍ॅक्सॉन तुटला की जखमेच्या पुढचा भाग मरतो. ऑगस्टस वॉलर यांनी 1850 मध्ये बेडकाच्या जिभेच्या नर्व्ह कापून हे दाखवलं, म्हणून या ऱ्हासाला त्यांचं नाव आहे.

पण हा पुढचा तुकडा कापल्याक्षणी मरत नाही. मेंदूशी संबंध तुटलेला असूनही तो काही दिवस करंट वाहून नेतो. स्नायूंकडे जाणारे तंतू साधारण आठवडाभर, संवेदनेचे दहाएक दिवस. म्हणजे तिसऱ्या दिवशी तिन्ही प्रकार यंत्राला सारखेच दिसतात. ईएमजीमध्ये, म्हणजे स्नायूत सुई घालून करायच्या तपासणीत, स्नायूचा नर्व्हशी संबंध तुटल्याच्या खुणा दिसायलाही दोन ते तीन आठवडे लागतात. त्या मुलाचा रिपोर्ट खोटा नव्हता, त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला होता.

माझी सवय अशी: तीन आठवडे पूर्ण झाल्याशिवाय मी ही तपासणी लिहून देत नाही. घरचे कितीही मागे लागले तरी नाही. त्यांना बसवून हेच सगळं सांगतो. दहा मिनिटं लागतात, ती घालवावीत.

सेंटिमीटर न मोजता वाट बघणं

त्याच मुलाच्या बाबतीत दुसरी संधी होती, तीही हुकली. वाढणारा अ‍ॅक्सॉन दिवसाला ढोबळ 1 मिमी सरकतो, म्हणजे महिन्याला इंचभर. रेडिअल नर्व्हवर फ्रॅक्चरच्या पुढचा पहिला महत्त्वाचा स्नायू ब्रॅकिओरेडिअ‍ॅलिस, कोपर वाकवायला मदत करणारा. या मुलाच्या बाबतीत फ्रॅक्चरपासून तिथपर्यंतचं अंतर टेपने साधारण 10 सेंमी भरलं. म्हणजे 100 दिवस, आणि जखम ओलांडायला लागणारे तीन-चार आठवडे धरले तर चारएक महिने. तेवढ्यात त्या स्नायूत जीव दिसायला हवा होता. प्रत्येक भेटीत ‘अजून महिनाभर बघू’ एवढंच लिहिलं होतं, टेप कोणी लावलीच नव्हती.

टिनेलची खूणही तशीच. नर्व्हवर बोटाने खालून वर हलकेच ठोकत जायचं आणि जिथे हाताच्या मागच्या बाजूला मुंग्या उठतात ती जागा मोजायची. वाढ चालू असेल तर ती जागा दर महिन्याला खाली सरकते. त्याची खूण नवव्या महिन्यातही फ्रॅक्चरवरच अडकलेली होती. उघडून बघितलं तर नर्व्हची दोन्ही टोकं जखमेच्या डागात रुतलेली, वरच्या टोकाला न्यूरोमा, म्हणजे वाट न सापडलेल्या तंतूंची गाठ.

तिथे ग्राफ्ट, म्हणजे दुसऱ्या नर्व्हचा तुकडा, घालता आला असता. पण अंगठा उघडणारा स्नायू तिथून 25 सेंमीच्या पुढे. नऊ महिने गेलेले, त्यात आणखी नऊ-दहा. करंट न मिळालेला स्नायू साधारण वर्ष-दीड वर्षात कामातून जातो. म्हणून आम्ही टेंडन ट्रान्सफर केलं, म्हणजे चालू स्नायूंची टेंडन बंद पडलेल्या कामाला जोडली. मनगट उचलायला प्रोनेटर टेरीस हा हात पालथा करणारा स्नायू, बोटं आणि अंगठा उघडायला पुढच्या बाजूची दोन टेंडन. तो पुन्हा टेम्पो चालवतो. पण मनगट आणि बोटं वेगवेगळी हलवताना त्याला अजूनही लक्ष द्यावं लागतं.

याचा अर्थ पहिल्या आठवड्यात उघडा असा नाही. बंद फ्रॅक्चरमधल्या बहुतेक रेडिअल नर्व्ह आपोआप सुधारतात, उतावीळपणे उघडून चांगल्या नर्व्हला त्रास देऊ नये. तीन महिन्यांपर्यंत ना स्नायूत हालचाल, ना ईएमजीमध्ये काही, ना टिनेल सरकलेली, तर मात्र ऑपरेशनची तारीख ठरवायची. खरचटलेली, पण तुटलेली नाही अशी शंका असेल तर थोडं पुढे-मागे चालतं, सहा महिने ओलांडायचे नाहीत.

कापलेल्या जखमेलाही तीन महिने थांबणं

काच किंवा चाकू लागला आणि पुढचं काम बंद पडलं, तर ती नर्व्ह तुटलेलीच समजायची आणि शक्यतो तीन दिवसांच्या आत उघडायची. वर ज्याने फसवलं तेच इथे उपयोगी पडतं: पुढचं टोक अजून जिवंत असतं, त्याला करंट देऊन स्नायूकडे जाणारे तंतू ओळखता येतात आणि ते नेमके जुळवता येतात. उशीर केला की टोकंही आखडतात. कॅज्युअल्टीत कातडी शिवून ‘नसेचं नंतर बघू’ म्हणणं मला अजिबात मान्य नाही. मात्र मशिनमध्ये चिरडलेली जखम असेल तर टोकं टाक्याने खुणावून ठेवा आणि तीनएक आठवड्यांनी या. किती भाग खराब झाला ते तेव्हाच कळतं.

‘नर्व्ह अखंड दिसली’ म्हणून सोडून देणं

संडरलँड यांनी 1951 मध्ये नर्व्हच्या दुखापतीच्या पाच पायऱ्या केल्या, त्यातली चौथी ध्यानात ठेवा. बाहेरून नर्व्ह सलग, आत सगळा डाग. ती आपोआप सुधारत नाही. प्लेट बसवताना नर्व्ह दिसली असेल तर नोंदीत फक्त ‘अखंड’ लिहू नका, हाताला मऊ लागली की कडक ते लिहा.

बोटं हलली म्हणून खूश होणं

बोटांची पुढची पेरं अल्नर नर्व्हच्या स्नायूंनीही सरळ होतात आणि मूठ आवळताना मनगट थोडं वर आल्यासारखं दिसतं. मनगटाला आधार देऊन तळहाताजवळचा सांधा सरळ करायला सांगा. ब्रॅकिओरेडिअ‍ॅलिससाठी अंगठा वर ठेवून कोपर वाकवायला लावा, आपण विरोध करा आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूला स्नायूचं पोट फुगतं का ते बोटांनी चाचपा.

बी-12 च्या गोळ्यांनी तुटलेली टोकं जुळत नाहीत. आणि स्प्लिंट पहिल्याच दिवशी द्या, मनगट वर, बोटं मोकळी, रोज दुसऱ्या हाताने प्रत्येक सांधा पूर्ण हलवून. आखडलेल्या सांध्यावर जागी झालेली नर्व्हही काही करू शकत नाही.