हॉटेलमालकाला वेबसाइटचा प्रस्ताव पाठवताय? या चुका टाळा

माझा पहिला प्रस्ताव एका ओळीचा होता. कोथरूडमधल्या एका थाळीवाल्या हॉटेलच्या मालकांना मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं:

> नमस्कार काका. वेबसाइट ५ पानं, २५,००० रु., १५ दिवस. मेन्टेनन्स १,५०० रु. महिना.

काकांनी अंगठा पाठवला आणि मी खूश झालो. पाच महिन्यांनी त्यांचा फोन आला, "अहो, ह्या महिन्यात तुम्ही केलंत काय, पंधराशे कशाचे?" मी हिशेब सांगायला बसलो आणि लक्षात आलं की भांडणाचं बी मीच त्या एका ओळीत पेरलं होतं.

सगळ्यात महागात पडला तो 'मेन्टेनन्स' हा शब्द. हॉटेलवाल्याला तो आपल्याआधीपासून माहीत असतो. डीप फ्रीझर, एसी, बिलिंगचं सॉफ्टवेअर, सगळ्यांचे वर्षाचे करार त्याने केलेले असतात. त्याच्या लेखी मेन्टेनन्स म्हणजे पैसे भरले की निश्चिंत, काही बिघडलं की माणूस येतो, आणि कधीकधी पार्टही त्यातच. त्यामुळे काकांनी धरलं होतं की डोमेन, होस्टिंग, थाळीचे नवे दर, दिवाळीचं बॅनर, इतकंच काय झोमॅटोवरचे भावसुद्धा मीच बदलणार. आणि ज्या महिन्यात काहीच बिघडलं नाही, त्या महिन्याचे पैसे का द्यायचे?

त्यांचं चूक नव्हतं. मी दोन वेगळ्या गोष्टी एका आकड्यात कोंबल्या होत्या. डोमेन आणि होस्टिंगचे पैसे वर्षातून एकदा तिसऱ्याच कंपनीला जातात. ते मालकाच्या नावाने, त्याच्या ईमेलवर, त्याच्याच कार्डावरून जाऊ द्यावेत. डोमेन तुमच्या ईमेलवर असलं की नूतनीकरणाच्या आठवणी तुम्हाला येतात. तुम्ही तो ईमेल बघणं सोडलंत, तर एखाद्या रविवारी ऐन गर्दीत साइट बंद पडते आणि दोष तुमच्या माथी येतो. महिन्याचे पैसे फक्त तुमच्या कामाचे, आणि ते काम मोजता येईल असं लिहायचं.

मोजायचं कसं? माझा हिशेब असा होता. बॅकअप आणि अपडेट अर्धा तास. महिन्यातून दोनदा दर किंवा पदार्थ बदलणं, प्रत्येकी पाऊण तास, म्हणजे दीड तास. फोन, मेसेज धरून आणखी अर्धा तास. एकूण अडीच तास. ताशी ६०० धरले तर १,५००. हा तक्ता मालकाला पाठवायचा नाही, पण तो स्वतःजवळ हवा. नाहीतर "हजार करा" म्हटल्यावर पैसे कमी करायचे की काम, हे आपल्यालाच कळत नाही.

इथे एक कबुली. वर्डप्रेसवर साइट असेल तर प्लगइनचे अपडेट खरोखर करावे लागतात. मागे पडलेल्या प्लगइनमधून साइट हॅक होते. पण साधी एचटीएमएलची पाच पानं असतील तर तिथे दरमहा 'सिक्युरिटी अपडेट' करण्यासारखं जवळपास काही नसतं. त्याचे पैसे लावणं मला पटत नाही. अशा वेळी फक्त बदलांचे पैसे घ्यावेत, आणि एखाद्या महिन्यात बदल नसेल तर घेऊ नयेत.

दुसरी चूक 'पाच पानं' म्हणण्यात होती. मालकाला पान मोजता येत नाही, मेनू येतो. काकांचा मेनू ८६ पदार्थांचा निघाला, तोही लॅमिनेट केलेल्या कार्डाच्या फोटोत, आणि त्यांना मराठी-इंग्रजी दोन्ही हवं होतं. म्हणजे १७२ नावं टाइप करायची, आणि 'अळूचं फदफदं' इंग्रजीत कसं लिहायचं यावर घरात चर्चा. तेव्हा प्रस्तावात पदार्थांची संख्या, भाषा, आणि टाइप कोण करणार हे लिहा. मेनूचा फोटो किंवा पीडीएफ चिकटवून मोकळं होऊ नका. मोबाइलवर बोटांनी मोठा करून वाचावा लागतो आणि एक दर बदलायला अख्खी फाइल नवी करावी लागते. काय नाही तेही त्याच दमात सांगा. "ऑनलाइन ऑर्डर घेता येईल ना?" हा प्रश्न काम सुरू झाल्यावर आला की समजावं, आपण काय देणार नाही ते लिहिलंच नव्हतं.

वेळेबाबतही तसंच. काकांचे १५ दिवस माझ्या मेसेजच्या दिवशी सुरू झाले, माझे मेनू हातात आल्यावर. मेनू आला बाविसाव्या दिवशी. मग तपासायला पाठवला तो नऊ दिवस पडून राहिला, कारण मध्ये गणपती होते आणि त्या दिवसांत पुण्यातल्या हॉटेलवाल्याने फोनकडे बघावं ही अपेक्षाच चुकीची. दिवस नेहमी आगाऊ रक्कम, मेनू आणि फोटो या तिन्हींत जे शेवटी येईल तिथून मोजा.

जीएसटी नोंदणी असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. ५ टक्के जीएसटी लावणाऱ्या हॉटेलला खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. तुमचे १८ टक्के त्याच्या खिशातूनच जातात. म्हणून करासह एकच रक्कम लिहा. नोंदणी नसेल तर जीएसटी लावताच येत नाही, तेही स्पष्ट लिहा.

काकांना मग मी सगळा प्रस्ताव, पहिल्याच दिवशी जसा लिहायला हवा होता तसा, नव्याने लिहून पाठवला. वेळ निवडली दुपारी चारची, जेवणाची पंगत उठल्यावर. पहिल्यांदाच पाठवणाऱ्यालाही हाच साचा चालेल:

> नमस्कार काका. काल बोललो ते लिहून देतो.
>
> काम: मुखपृष्ठ, मेनू (९० पदार्थांपर्यंत, मराठी व इंग्रजी), फोटो, पत्ता-नकाशा. फोनचं आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण (wa.me लिंक). मेनू मी टाइप करीन, तपासून तुम्ही द्यायचा.
> यात नाही: ऑनलाइन ऑर्डर व पेमेंट, फोटो काढणं, झोमॅटो-स्विगीवरचे बदल, इन्स्टाग्राम.
>
> वेळ: आगाऊ रक्कम, मेनू, फोटो तिन्ही मिळाल्यापासून १५ दिवस. तपासायला दिलेलं ३ दिवसांत परत यावं. उशीर झाला तर तेवढे दिवस पुढे.
>
> रक्कम: २५,००० रु. निम्मे आधी, निम्मे साइट सुरू करताना. माझी जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे वर कर नाही.
>
> डोमेन-होस्टिंग: तुमच्या नावाने, वर्षाचे पैसे थेट कंपनीला.
>
> दरमहा १,५०० रु.: बॅकअप, अपडेट, महिन्यातून दोनदा बदल (एका वेळी १० पदार्थ). सकाळी १० पर्यंत कळवलंत तर त्याच दिवशी. जास्तीचा बदल ५०० रु. कधीही थांबवता येईल. साइट सुरूच राहील, फक्त बदल थांबतील.
>
> मान्य असेल तर 'मान्य' असं लिहून पाठवा.

शेवटून दुसऱ्या परिच्छेदातलं 'साइट सुरूच राहील' गाळू नका. पैसे थकले की साइट बंद करणाऱ्या एखाद्याने मालकाला आधीच पोळलेलं असतं, आणि त्याला खरी भीती तीच असते. शेवटची ओळ नुसत्या अंगठ्यावर काम भागू नये म्हणून आहे. अंगठा म्हणजे वाचलं, एवढंच.

काकांचं उत्तर संध्याकाळी आलं. "दोनऐवजी चार बदल करा आणि बाराशे घ्या." मी लिहिलं, बाराशेत महिन्यातून एकच बदल होईल. दहा मिनिटांनी उत्तर आलं, "एक पुरे. श्रावणात मात्र दोन लागतील, तेव्हाचे पाचशे वेगळे देईन. मान्य."