वकिलाची नोटीस की कोर्टाचं समन्स?

चेक बाउन्स झाला की आधी येते ती समोरच्याच्या वकिलाची नोटीस. तिच्यावर वकिलाचं लेटरहेड असतं. कोर्टाचा शिक्का किंवा केस नंबर नसतो, कारण केस अजून झालेलीच नसते. म्हणून ती कपाटात टाकू नका. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत चेकची पूर्ण रक्कम दिली, तर कलम 138 चा गुन्हाच होत नाही. पैसे बँकेतूनच द्या, म्हणजे पुरावा राहतो. देणं मान्य नसेल तर वकिलाकडून लेखी उत्तर पाठवा. पाकीट न घेता पोस्टमनला परत पाठवणं ही फुकटची हुशारी. नोटीस मिळाली असंच कोर्ट सहसा धरतं.

समन्स आलं म्हणजे तक्रार कोर्टात गेली. त्यावर कोर्टाचं नाव, शिक्का, केस नंबर आणि हजेरीची तारीख असते. इथे उत्तराचं पत्र पाठवून भागत नाही. त्या तारखेला वकील घेऊन हजर व्हा, नाहीतर वॉरंट निघू शकतं. समन्स खरं आहे का अशी शंका आली, तर ई-कोर्ट्सच्या साइटवर केस नंबर टाकून पाहा.