एकच झर आणि चार जनावरं: पाणवठ्याची गोष्ट सांगताना या चुका टाळा

उन्हाळी शिबिरात आणि बालवाडीत पाणवठ्याची गोष्ट हमखास सांगितली जाते, आणि बहुतेक वेळा ती एकाच साच्याची असते. दुष्काळ पडतो, तळं आटतं, जनावरं भांडतात, सिंह हुकूम सोडतो, सगळे शहाणे होतात. या गोष्टीतून तीन ते सात वर्षांच्या मुलांना न्याय कळत नाही.

मुळात गोव्याच्या रानात सिंह नाही. सत्तरी-सांगेच्या मुलांना गवा, रानडुक्कर, भेकर, बुलबुल माहीत असतात, तेच घ्या.

पण सिंहापेक्षा त्याचा हुकूम जास्त घातक. सत्तरीतल्या एका शाळेत एका नवख्या शिक्षिकेने ही गोष्ट छान आवाज काढून सांगितली. शेवटी सिंह म्हणाला, "आधी मी, मग वयाप्रमाणे रांग." मुलं टाळ्या वाजवत होती. काय शिकलात, असं विचारल्यावर पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "टीचर, मोठं झाल्यावर आपल्याला आधी पाणी मिळतं." तिचं काहीच चुकलं नव्हतं, गोष्टीने तिला तेच सांगितलं होतं. वाटप वरून आलं की मुलं वाटप बघत नाहीत, वाटणारा कोण ते बघतात. म्हणून राजा काढून टाका आणि नियम जनावरांनाच शोधू द्या, तोही आधी एकदा चूक करून.

दुसरी चूक याहून जास्त दिसते: सगळ्यांना सारखं वाटलं की झाला न्याय. चार वर्षांच्या मुलाला तेवढंच पटतं, आणि त्या वयात तिथेच थांबलेलं बरं. सहा-सातव्या वर्षी मात्र ज्याची गरज मोठी त्याला जास्त, हे मुलांना कळू लागतं. तिथे समान वाट्यावर गोष्ट संपवली की ती अर्ध्यातच राहते.

मी गोष्ट अशी रचते. मे महिना आहे. सड्याखालच्या झरीच्या खळग्यात रात्रभरात आठ करवंट्या पाणी साठतं. पहिल्या दिवशी गवा येतो आणि सगळं पिऊन टाकतो. दुसऱ्या दिवशी भेकर म्हणतं, "चौघांना दोन-दोन." बुलबुल चार थेंब पितो, त्याचं उरलेलं पाणी उन्हात सुकून जातं. गवा दोन करवंट्या पिऊन तसाच तहानलेला उभा. आता इथे थांबायचं.

इथे मी खऱ्या आठ करवंट्या पाणी भरून मुलांसमोर ठेवते आणि ओतायला त्यांनाच सांगते. घाईत असलेले लोक हा भाग फळ्यावर चित्र काढून उरकतात, आणि मग मुलांना काही कळलं नाही म्हणून तक्रार करतात. चार वर्षांचं मूल आकडा ऐकून वाटणी करत नाही, ते पाणी कमी होताना बघतं. थोडी सांडासांड झाल्यावर मुलं साधारण इथे येतात: गव्याला चार, डुकराला दोन, भेकराला एक, आणि शेवटच्या करवंटीत बुलबुल नि खळग्यातला खेकडा मिळून.

मग पाळीचा प्रश्न येतो. हा प्रश्न बहुतेक जण विसरतात, पण मुलं सर्वांत जास्त भांडतात ती पाळीवरूनच. गवा आधी उतरला की खुरांनी पाणी गढूळ होतं, म्हणून आधी बुलबुल, मग भेकर, मग गवा. डुक्कर विचारतं, "मीच का शेवटी?" उत्तर मुलांकडून काढा. डुकराला चिखलात लोळायचं असतं, आणि गव्याच्या पायांनी झालेला चिखल त्याच्याच कामाचा. फक्त त्याच्या दोन करवंट्या आधीच बाजूला काढून ठेवल्या पाहिजेत. ही अट एखादं मूल स्वतःहून घालतं, तेव्हा गोष्ट पोचली असं मी समजते.

हावरट जनावराला मारून टाकू नका, मुलं तेवढंच लक्षात ठेवतात.

शेवटी पाऊस पाडू नका. पाऊस आला की वाटून घेण्याची गरजच संपते, आणि मुलं घरी जाऊन पावसाची गोष्ट सांगतात.

तात्पर्य फळ्यावर लिहू नका.

आणखी एक. टोरांटोच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची गोष्ट सांगितली होती. माणसांची पात्रं असलेली गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर आपले स्टिकर जास्त वाटले, तीच गोष्ट प्राण्यांची करून सांगितली तेव्हा तसं झालं नाही. तरीही मी प्राणी सोडत नाही, पण गोष्ट संपली की त्याच तासाला वर्गातली एक कमी पडणारी खरी वस्तू पुढे ठेवते. आमच्याकडे बहुधा झोपाळा किंवा रंगांची एकच पेटी असते. कोणाला किती आणि आधी कोण, हे दोनच प्रश्न विचारते, आणि मुलं ठरवत असताना मध्ये बोलत नाही.