पंचकर्मासाठी रजा मागताय? या चुका टाळा

रजेचे अर्ज माझ्या हाताखालून जातात. पंचकर्माचे बहुतेक अर्ज एकाच ठिकाणी फसतात: माणूस फक्त मुख्य कर्माचा दिवस मोजतो. विरेचन, म्हणजे औषध देऊन जुलाब करवणं, एका दिवसाचं, मग आठवडाभराची रजा पुष्कळ झाली, असा हिशेब.

आमच्या एका सहकाऱ्याने तेच केलं. स्नेहपान, म्हणजे रोज वाढत्या मात्रेत औषधी तूप पिणं, तीन दिवसांत उरकेल असं त्याने धरलं होतं. पण ते तारीख बघून थांबत नाही. त्वचा मऊ पडली, शौचातून स्निग्धता दिसू लागली, तुपाची शिसारी आली की वैद्य थांबवतात, आणि त्याला तीन ते सात दिवस लागतात. सहकाऱ्याला सातही लागले. पुढे तीन दिवस मालिश आणि वाफ, मग विरेचन. रजा दोनदा फोनवर वाढवली. साहेब आधीच वैतागलेले, म्हणून विरेचनाच्या दुसऱ्याच दिवशी तो कामावर हजर! दुपारी नेहमीचं तिखट-तेलकट जेवला आणि तासाभरात पोट धरून घरी गेला. त्यानंतर ‘पंचकर्म’ लिहिलेला कुठलाही अर्ज साहेबांनी संशयानेच वाचला.

विरेचनानंतर अग्नी मंद असतो. म्हणून संसर्जन क्रम पाळायचा: आधी पातळ पेज, मग मऊ घट्ट भात, मग मुगाचं कढण, मग हळूहळू रोजचं जेवण. शुद्धी किती झाली त्यावर तीन, पाच किंवा सात दिवस. घाई करणारे नेमका हाच भाग कापतात.

मी सगळ्यांना एकच मांडणी करायला लावते. सुरुवातीच्या दीपन-पाचनात, म्हणजे भूक आणि पचन सुधारायची औषधं घेताना, बहुधा कामावर येता येतं, ते दिवस रजेत धरू नका. स्नेहपानाचे जास्तीत जास्त सात, मधले तीन, विरेचनाचा एक, संसर्जनाचे सात: 18 दिवस मागा, लवकर बरं वाटलं तर आधी या. वैद्यांकडून हा दिवसवार आराखडा लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह घ्या. त्यांचं प्रमाणपत्र रजेसाठी चालतं का, हे अर्जाआधी विचारा.

साहेबांना ‘शरीरातली सगळी घाण निघते’ असं सांगू नका. ते पुरावा मागतील आणि तुमच्याकडे तो नसेल. तक्रार काय आहे, वैद्यांनी काय ठरवलंय, कोणत्या दिवशी फोनही घेता येणार नाही आणि काम कोणाकडे सोपवलंय, एवढंच सांगा. त्यांचा आयुर्वेदावर विश्वास बसायची गरज नाही, वेळापत्रकावर बसला की झालं.

‘घरून काम करतो’ असं कबूल करू नका. स्नेहपानात तूप पचेपर्यंत गरम पाण्यावर राहायचं असतं आणि डोकं जड होतं. विरेचनाच्या दिवशी तर प्रश्नच नाही.

तीन दिवसांत ‘पूर्ण पंचकर्म’ देणाऱ्या पॅकेजला उपचार म्हणून रजा मागू नका, त्यात बहुतेक मालिश आणि वाफच असते.

रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर रजेची तारीख ठरवण्याआधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा. गोळ्या स्वतःहून बंद करू नका.